फ्लॅशने फिट येणाऱ्या मुलासाठी गेम निवडताना: इशारा, `Photosensitive Mode` आणि उरलेली लुकलुक

मृण्मयी_क
भाचा १५ वर्षांचा आहे. ईईजीत दिव्याची चाचणी झाली, तेव्हा १० ते ३० हर्ट्झच्या लुकलुकीला मेंदूने प्रतिसाद दिला. औषध चालू आहे. गेम पूर्ण बंद करू नका, पण पाहून निवडा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक गेमच्या सुरुवातीला अपस्माराचा तोच तो इशारा येतो. पत्त्यांच्या गेमलाही आणि गोळीबाराच्या गेमलाही! मग त्यावरून ओळखायचं काय? काही गेममध्ये फ्लॅश कमी करायचा पर्याय असतो. तो चालू केला की काम झालं असं समजायचं का? तो २४ इंची मॉनिटरवर साधारण ६० सेंटिमीटरवरून खेळतो. यादीत सेलेस्ट, माइनक्राफ्ट, व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स आणि मित्रांबरोबरचा एक शूटर आहे.

ढवळ्या
मॉनिटर १४४ हर्ट्झचा घ्या, प्रश्न मिटेल. जुन्या टीव्हीची स्क्रीन सेकंदाला ५० वेळा लुकलुकायची म्हणून फिट यायच्या. आताच्या स्क्रीन लुकलुकतच नाहीत. आणि शक्यतो मोबाईलवरच खेळू द्या. स्क्रीन लहान, धोका लहान.

दीपकळी
ढवळ्या, जुन्या टीव्हीबद्दल बरोबर आहे. काचेच्या नळीचा ५० हर्ट्झचा टीव्ही जवळून पाहिला तर नुसती स्क्रीनच त्रास द्यायची, चित्र काहीही असो. एलसीडीने तो भाग संपवला. पण गेमने स्वतःहून पडदा सेकंदाला १२ वेळा पांढरा-काळा केला, तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर तेच १२ झबके इमानेइतबारे दाखवणार. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग पाहून शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून येत होता. तो दोष चित्रातला होता.

उलट गेमिंग मॉनिटरवर एक गोष्ट मुद्दाम तपासा. हालचाल धारदार दिसावी म्हणून प्रत्येक फ्रेमनंतर बॅकलाइट क्षणभर विझवायची सोय काहींत असते. टीव्हीवर तिला ब्लॅक फ्रेम इन्सर्शन म्हणतात. ६० हर्ट्झवर ती चालू केली की आपण पैसे मोजून जुना लुकलुकणारा टीव्ही परत आणलेला असतो. ती बंदच ठेवायची.

मृण्मयीताई, आता तुमचा प्रश्न. सुरुवातीचा इशारा कायद्याच्या भीतीने सरसकट टाकलेला असतो. त्यातून काहीच कळत नाही, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. उपयोगाचा इशारा दुसऱ्या प्रकारचा असतो: कुठल्या प्रसंगात, कशामुळे लुकलुक आहे आणि ती बंद करता येते की नाही हे सांगणारा. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला. त्यातल्या ब्रेनडान्स नावाच्या दृश्यात पात्राच्या डोळ्यांवर एक यंत्र चढतं आणि त्यातले लाल-पांढरे दिवे भरभर लुकलुकायचे. एका समीक्षिकेला ते खेळताना फिट आली. त्यानंतर सुरुवातीला स्वतंत्र इशारा आला आणि १.०४ च्या पॅचमध्ये त्या फ्लॅशचा वेग आणि तीव्रता दोन्ही कमी केली. खरी सुधारणा म्हणजे हा पॅच. इशाऱ्याने दृश्य बदलत नाही.

अण्णा_६४
मला संगणकावर दोन तास काम केलं की डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. निळा प्रकाश अडवणारा पिवळसर चष्मा घेतल्यापासून बराच फरक आहे. मुलाला तोच द्या, साधा उपाय आहे.

दीपकळी
अण्णा, तुमचा त्रास वेगळा आणि हा वेगळा. डोळे थकल्याने ही फिट येत नाही. दृष्टीचा मोठा भाग एकाच तालात उजळतो आणि विझतो, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागातल्या पेशी त्या तालात सापडतात. पिवळा चष्मा तो ताल मोडत नाही. गंमत म्हणजे या आजारात ज्याचा अभ्यास झालाय ती काच उलट गडद निळी आहे. झेड१ या नावाने ती ओळखली जाते. २००६ मध्ये ६१० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश लोकांत ईईजीतला प्रतिसाद त्या काचेने नाहीसा झाला. पण ती ईईजी लावून, त्याच माणसावर तपासून द्यायची गोष्ट आहे. रंग पाहून दुकानातून उचलायची नाही.

अण्णा_६४
बरं, म्हणजे मी उलटाच रंग सुचवला. असो.

रातकिडा
मी गेमच्या इफेक्टवर काम करतो, म्हणून पर्यायांबद्दल आतली बाजू सांगतो. `Photosensitive Mode` किंवा `Flashing VFX` या बटणामागे जादू नसते. कोडमध्ये ज्या ज्या जागी आम्हाला आठवलं, तिथे तिथे "बटण चालू असेल तर हा फ्लॅश दाखवू नको" असं लिहिलेलं असतं. जी जागा आठवली नाही, ती तशीच राहते. म्हणून दोन गेममध्ये बटणाचं नाव एक असलं तरी अर्थ एक नसतो.

माइनक्राफ्टचं उदाहरण घ्या, कारण त्यांनी मर्यादा प्रामाणिकपणे लिहिली आहे. जावा आवृत्तीत `Options` मधून `Accessibility Settings` उघडा. तिथे `Hide Lightning Flashes` आहे. तो चालू केला की वीज पडताना आख्खं आकाश उजळत नाही, पण विजेची रेघ दिसतच राहते, आणि त्याच्या सूचनेत तसं म्हटलेलंही आहे. हे योग्यच आहे, कारण बारीक रेघ पडद्याचा थोडाच भाग व्यापते, आकाश मात्र अर्धा पडदा खातं. तिथेच `Darkness Pulsing` आहे. खोल गुहेत अंधार कमी-जास्त होत राहतो, तो त्याने सौम्य करता येतो. तो ताल फार संथ असतो, त्यामुळे तुमच्या भाच्याच्या १० ते ३० च्या पट्ट्यात बसत नाही. तरी कमी करायला हरकत नाही.

सेलेस्टमध्ये पर्यायांत `Photosensitive Mode` आहे आणि पडद्याचं हादरणं वेगळं बंद करता येतं. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्समध्ये `Flashing VFX` बंद करा. पण त्या गेमचा स्वभावच असा आहे की शेवटच्या दहा मिनिटांत पडदाभर शस्त्रं फुटत असतात. एकेक इफेक्ट छोटा आणि निरुपद्रवी असतो. शंभर एकत्र आले की त्यांची बेरीज कोणी तपासलेली नसते. अशा गेममध्ये पहिली पाच मिनिटं पाहून निर्णय घेऊ नका, शेवट पाहा.

आणि सगळ्यात जास्त निसटणारी जागा म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले व्हिडिओ. बटण फक्त गेम चालू असताना काढल्या जाणाऱ्या इफेक्टवर चालतं. कथेचा व्हिडिओ आधीच फिल्मसारखा गोठवलेला असतो, त्यात जे आहे ते आहे. कंपन्यांची चिन्हं आणि सुरुवातीची झलक तर पर्यायांचा मेनू दिसण्याआधीच चालते. पहिल्यांदा गेम उघडायचं काम दुसऱ्या कोणीतरी करावं, पर्याय लावावेत, मग मुलाच्या हातात द्यावा. मोठ्या अपडेटनंतरही तेच. कधी कधी पर्याय मूळपदावर गेलेले असतात.

ढवळ्या
आणि फ्लॅशबँगचं काय? शूटरमध्ये सगळा पडदा पांढराफटक होतो. ते सगळ्यात भयंकर असणार.

रातकिडा
दिसायला भयंकर, पण धोका बहुधा दुसरीकडेच असतो. फ्लॅशबँग म्हणजे एकदा पांढरं होणं आणि मग तीन-चार सेकंदांत हळूहळू परत येणं. तो एक झबका झाला. मानकं मोजतात ती एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झबक्यांची रांग. काही गेममध्ये पांढऱ्याऐवजी काळा पडदा करायची सोय आहे, कॉल ऑफ ड्यूटीच्या २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये तिचं नाव `Inverted Flashbang`. असेल तर जरूर लावा.

पण हिशोब बंदुकीचा करा. मिनिटाला ६०० गोळ्या सुटणारी बंदूक म्हणजे सेकंदाला १०. मिनिटाला ९०० असतील तर १५. प्रत्येक गोळीला नळीच्या तोंडाशी एक ज्वाळा. अंधाऱ्या खोलीत, दुर्बिणीतून नेम धरलेला असताना ती ज्वाळा पडद्याच्या मधोमध, डोळ्यासमोर मोठी दिसते. सर्वांत जास्त लोकांना त्रास देणारा पट्टा साधारण १५ ते २५ हर्ट्झचा. म्हणजे जलद बंदूक नेमकी त्यात जाऊन बसते, आणि ती तुम्ही बटण दाबून धराल तितका वेळ चालू राहते. गेममध्ये ज्वाळा लपवायचा पर्याय क्वचितच असतो. एकेक गोळी झाडणारी बंदूक घेणं आणि उजेडातले नकाशे निवडणं हा साधा मार्ग. तरी सोबत खेळणाऱ्यांच्या बंदुका आपल्या हातात नसतात, ते राहतंच.

मृण्मयी_क
हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. पण "पडद्याचा थोडाच भाग" म्हणजे नेमका किती? आणि मोबाईल चांगला की मॉनिटर, ते अजून कळलं नाही.

दीपकळी
इथे आकडा देता येतो. वेबसाठीच्या सुगम्यता मानकात दृष्टीच्या १० अंशांच्या कुठल्याही वर्तुळाचा चौथा भाग ही सीमा आहे. त्यापेक्षा लहान जागेतली लुकलुक मोजत नाहीत. हे क्षेत्रफळ ०.००६ स्टेरेडियन येतं. ते सेंटिमीटरमध्ये आणायला डोळ्यापासूनच्या अंतराचा वर्ग करायचा आणि ०.००६ ने गुणायचं.

तुमच्या भाच्याचं अंतर ६०. वर्ग ३६००. गुणाकार २१.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बाजू साधारण साडेचार सेंटिमीटरचा चौकोन. २४ इंची पडद्याच्या मानाने अगदी टिकलीएवढा, सुमारे पंचाहत्तरावा भाग. त्याहून मोठं काही लुकलुकलं की ते हिशोबात आलं. बंदुकीची ज्वाळा सहज येते.

आता त्याच गेमसाठी ४३ इंची टीव्ही अडीच मीटरवर ठेवा. २५० चा वर्ग ६२,५००, गुणिले ०.००६ म्हणजे ३७५ चौरस सेंटिमीटर. ही जवळपास १९ सेंटिमीटर बाजूची जागा झाली, पडद्याचा चौदावा भाग. म्हणजे तोच इफेक्ट जवळच्या मॉनिटरवर सीमेच्या खूप वर आणि लांबच्या टीव्हीवर कदाचित खाली.

मोबाईलबाबत ढवळ्याचं निम्मं बरोबर आहे. ४० सेंटिमीटरवर धरला तर सीमा ९.६ चौरस सेंटिमीटर, पडद्याचा साधारण अकरावा भाग, टीव्हीपेक्षाही बरा. पण रंगात आलं की मुलं तो नाकाशी आणतात. २० सेंटिमीटरवर तीच सीमा २.४ वर येते, पडद्याचा सुमारे चव्वेचाळिसावा भाग. अंतर निम्मं केलं की चौपट फरक पडतो. टीव्ही निदान स्वतःहून जवळ येत नाही.

टीव्ही शक्य नसेल तर मॉनिटर ९० वर सरकवा, सीमा ४८.६ होते. आणि गेम पूर्ण पडद्यावर न चालवता खिडकीत चालवा. १०८० च्या पडद्यावर ७२० ची खिडकी ठेवली तर चित्राचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी, ४४ टक्क्यांवर येतं. गेमिंगवाल्या मित्रांना हे पाप वाटेल, वाटू द्या.

मात्र ही सीमा सर्वसाधारण लोकांसाठी आखलेली आहे. भाच्याची स्वतःची सीमा तिच्या खालीही असू शकते. सीमेच्या आत म्हणजे सुरक्षित, असं वाचू नका.

शमा_वाचते
मी सहसा नुसती वाचते, पण एक सोपा प्रश्न. पडद्याचा ब्राइटनेस कमी केला तर सगळंच सौम्य होत नाही का?

दीपकळी
होतं, पण कुठला ब्राइटनेस ते पाहायला हवं. गेमच्या मेनूतला ब्राइटनेस बहुतेकदा गॅमा असतो. तो सावल्या गडद किंवा फिक्या करतो, पांढरं पांढरंच राहतं. तो खाली ओढला की काळं अधिक काळं होतं आणि फ्लॅशचा फरक उलट वाढतो! खाली आणायचा तो मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांमधला, बॅकलाइटचा. आणि एचडीआर बंद, कारण तो झबक्याच्या टोकाला जास्तीचा प्रकाश देण्यासाठीच असतो.

तेवढ्यानेही भागत नाही. टीव्ही प्रसारणाच्या ब्रिटिश नियमात दोन फ्रेममधला फरक चौरस मीटरला २० कँडेलापेक्षा जास्त असेल तर तो झबका मोजतात. पूर्ण तेजावर पांढरा ३०० चा असेल आणि तुम्ही तो १०० वर आणलात, तरी काळ्या-पांढऱ्याचा फरक १०० च. धोका घटला, गेला नाही. खोलीत दिवा लावून खेळायचं ते यासाठीच. अंधारात तोच पडदा डोळ्याला कितीतरी प्रखर असतो.

ढवळ्या
आयफोन आणि मॅकमध्ये `Dim Flashing Lights` म्हणून पर्याय आलाय. तो लावला की हा सगळा भूमितीचा तास कशाला?

रातकिडा
तो पर्याय आयओएस १६.४ पासून आहे आणि चांगला आहे, पण तो व्हिडिओसाठी. ज्या ॲपमधला व्हिडिओ त्याला वाचता येतो तिथे तो लुकलुकीच्या फ्रेम मंद करतो. गेमला तो हात लावत नाही. दुसऱ्याचं खेळणं व्हिडिओत पाहताना उपयोगी पडेल.

गेम तपासायचा असेल तर कोणीतरी दुसऱ्याने तो खेळून रेकॉर्ड करावा आणि क्लिप चाळणीतून काढावी. विंडोजमध्ये `Win + Alt + R` ने रेकॉर्डिंग होतं, पण त्याआधी सेटिंगमध्ये फ्रेमचा दर ३० चा ६० करा, तो मुळात ३० वर असतो. कारण ३० फ्रेमच्या क्लिपमध्ये सेकंदाला १५ पेक्षा जास्त झबके मावतच नाहीत. जो इफेक्ट एका फ्रेमला चालू आणि पुढच्या फ्रेमला बंद असतो, तो ३० हर्ट्झचा. ३० फ्रेमच्या क्लिपमध्ये तो एकतर सतत पेटलेला दिसेल किंवा दिसणारच नाही. भाच्याचा पट्टा ३० पर्यंत जातो, म्हणजे नेमकं तेच हुकेल. नेटवरच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवरून गेम सौम्य ठरवणारे इथेच फसतात. जुन्या ८-बिटी गेममध्ये हा प्रकार फार, कारण निन्टेन्डोच्या त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठच चित्रं दाखवता यायची. जास्त झाली की गेम ती आलटून पालटून दाखवायचा.

`ffmpeg` हा व्हिडिओवर काम करणारा प्रोग्रॅम बसवून, कमांडच्या खिडकीत क्लिपवर हे चालवा:

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "photosensitivity=frames=60:bypass=1,metadata=print:file=badness.txt" -f null -
```

`bypass=1` मुळे चित्राला धक्का लागत नाही, फक्त मोजणी होते. `badness.txt` मध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ आणि `lavfi.photosensitivity.badness` चा आकडा येतो. १ च्या वर गेला की तिथे लुकलुक जास्त आहे. ती वेळ टिपून ठेवा आणि ते दृश्य मुलाने नाही, तुम्ही पाहा. `frames=60` म्हणजे एका सेकंदाच्या फ्रेम एकत्र पाहणं, म्हणून ३० ची क्लिप असेल तर तिथेही ३० लिहा.

ही चाळणी आहे, प्रमाणपत्र नाही. लाल रंगाचा वेगळा हिशोब आणि पट्ट्यांची तपासणी हवी असेल तर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने डिसेंबर २०२३ मध्ये खुलं केलेलं आयरिस वापरा. ते उजेडाचे झबके, लाल झबके आणि ठरावीक नक्षी वेगवेगळं मोजतं. बसवायला मात्र थोडी खटपट आहे.

मृण्मयी_क
आठवडाभर हेच केलं. माझ्या मुलीने खेळून क्लिपा काढल्या. नाव लिहीत नाही, पण एका छोट्या उड्या मारायच्या गेममध्ये विजेचा एक टप्पा आहे. पर्याय बंद असताना तिथे आकडा २.८ पर्यंत गेला. पर्याय चालू केल्यावर ०.४. वाटलं झालं काम. मग पूर्ण क्लिप पाहिली तर शेवटच्या राक्षसाच्या मृत्यूला १.६! पर्याय चालूच होता.

रातकिडा
तो तयार व्हिडिओ असेल. आधी तो टाळता येतो का पाहा. नसेल तर तेवढा भाग दुसऱ्याने खेळायचा, त्याने खोलीबाहेर जायचं. आणि गेम बनवणाऱ्यांना क्लिपची नेमकी वेळ आणि आकडा पाठवा. "तुमच्या गेममध्ये फ्लॅश आहेत" या तक्रारीवर काही होत नाही. "पर्याय चालू असताना ४ मिनिटे १२ सेकंदांवर लुकलुक राहते" यावर होतं, कारण कोडमधली जागा सापडते.

शमा_वाचते
समजा सगळं तपासूनही खेळता खेळता अचानक लुकलुक आलीच, तर त्याने पटकन डोळे मिटून घ्यायचे ना?

दीपकळी
नाही, आणि हे भाच्याला आधी शिकवून ठेवा. मिटलेल्या पापण्यांतून उजेड आत येतोच, तोही लाल होऊन आणि सगळीकडे पसरून. काहींना त्याने जास्त त्रास होतो. एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबायचा, उजेडाची फट राहता कामा नये, आणि मान वळवून पडद्यापासून दूर व्हायचं. एकच डोळा उघडा असला की मेंदूला पोचणारा ताल बराच कमजोर होतो. कंट्रोलर टाकून द्यावा लागला तरी चालेल, गेममधलं पात्र मेलं तर मेलं.

पापण्या फडफडणं, हात क्षणभर उडणं, मधेच एक-दोन सेकंद हरवल्यासारखं होणं दिसलं तर त्या दिवशी खेळ संपला. गेम तोच असला तरी झोप अपुरी असताना किंवा औषधाची वेळ चुकलेली असताना सहन होण्याची पातळी खाली येते. काल चाललं म्हणून आज चालेल असं नाही. आणि फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ लावायचं. पाच मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका.

अण्णा_६४
एक विचारतो, चुकलं तर सांगा. फ्लॅश नसून नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतील, म्हणजे गेममध्ये गाडी कुंपणाजवळून पळतेय, तर?

दीपकळी
चुकलं नाही अण्णा, उलट बाकीच्यांनी विसरलेलं काढलंत. प्रकाशाने फिट येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना नक्षीचाही त्रास असतो. ठळक पट्ट्यांनी पडद्याचा मोठा भाग व्यापला की लुकलुक नसतानाही. फ्लॅश कमी करायची बटणं याला हात लावत नाहीत, आणि ही चाळणीही एकसारख्या स्थिर पट्ट्या पकडणार नाही, कारण तिथे फ्रेम बदलतच नाही. मृण्मयीताई, चाचणीत नक्षीही दाखवली होती का, ते रिपोर्टमध्ये पाहा.

मृण्मयी_क
रिपोर्टमध्ये नक्षीचा उल्लेखच नाही. पुढच्या भेटीत विचारते. तोवर गाड्यांचे गेम बाजूला. माइनक्राफ्ट टीव्हीवर, अडीच मीटरवरून, वीज बंद करून सुरू केलंय. सेलेस्टची शेवटच्या टप्प्यांची क्लिप काढायची राहिली आहे. शूटरचं अजून भांडण चालू आहे. एकेक गोळीची बंदूक त्याला मान्य आहे, पण मित्रांच्या बंदुकांवर रातकिड्यांकडेही उत्तर नाही, असं त्याला सांगितलंय.

ढवळ्या
मित्रांनाही एकेक गोळीच्या बंदुका घ्यायला लावा की. आपापसात खेळायची खाजगी खोली असेल तर काही गेममध्ये शस्त्रांवर बंधन घालता येतं.

रातकिडा
हे मात्र ढवळ्याने पूर्ण बरोबर सांगितलं. त्या गेममध्ये तशी सोय आहे का पाहा. आणि असेल तर तीही क्लिप काढूनच सुरू करा.